पहाटे अडीचला झोपणारं पोर: संध्याकाळचं मेलाटोनिन की झोपेची गोळी?

दहावी-अकरावीतलं मूल रात्री दोन-अडीचपर्यंत टक्क जागं असतं आणि सकाळी सहाला हलवून हलवून उठवावं लागतं, म्हणून पालक येतात. त्यांचं मागणं ठरलेलं असतं, "डॉक्टर, परीक्षेपुरती तरी झोपेची एखादी हलकी गोळी द्या." काही जणांनी मेडिकलमधून मेलाटोनिन या शरीरातल्या संप्रेरकाची चघळायची गमी आणून रात्री अकराला देऊनही पाहिलेली असते आणि 'काही फरक नाही' असा निकाल लावलेला असतो. गोळीच्या मागणीला मी सहसा नाही म्हणतो. गमीच्या निकालाबद्दल मात्र सांगतो की औषध चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती.

आधी एक प्रश्न: सुट्टीत काय होतं? कुणी उठवलंच नाही तर पोर अडीचला झोपून साडेदहाला ताजंतवानं उठतं का? तसं असेल तर झोप बिघडलेली नाही, ती फक्त पुढे सरकलेली आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ मुळातच थोडं मागे पडतं. काहींचं दोन तासांहून जास्त पडतं, त्याला 'डिलेड स्लीप फेज' म्हणतात. सुट्टीतही तळमळत असेल, मध्येच जाग येत असेल, दिवसा मन लागत नसेल, तर शोध वेगळ्या दिशेनं घ्यायचा. निद्रानाश, चिंता, नैराश्य यांतलं काही असू शकतं आणि तिथे या तुलनेचा उपयोग नाही. म्हणून मी आधी दोन आठवड्यांची साधी नोंद मागतो: कधी पडली, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठली. निदान यातूनच होतं.

आता दोन्ही पर्याय एकाच मुलीवर लावून पाहू. अकरावी सायन्स, सकाळी सातचं कॉलेज. मे महिन्याच्या सुट्टीतल्या नोंदवहीत रोज जवळपास तेच आकडे: झोप अडीचला, जाग साडेदहाला.

झोपेच्या गोळीचं काम मेंदूला गुंगी आणणं. साडेदहाला झोल्पिडेम किंवा अल्प्राझोलाम दिली, तर गोळी तिला झोपवायला बघणार आणि नेमक्या त्याच वेळी तिचं घड्याळ तिला जागं ठेवणार. आपल्या नैसर्गिक झोपेच्या आधीचे दोन-तीन तास मेंदू सर्वात सतर्क असतो. (रात्री बारापर्यंत पेंगणारी मुलगी साडेबाराला एकदम अभ्यासाला बसते, त्याचं कारण हेच. आईला ते नाटक वाटतं.) अशा वेळी गोळी घेऊन मोबाईल हातात धरून ती जागीच राहिली, तर अर्धवट गुंगीत वागणं बिघडतं. झोपेत चालणं, काहीतरी करून बसणं आणि सकाळी त्यातलं काहीच न आठवणं, यासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये झोल्पिडेमवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. एडीएचडी हा लक्ष न टिकण्याचा विकार असलेल्या आणि झोप न लागणाऱ्या ६ ते १७ वर्षांच्या मुलांवर झोल्पिडेमची चाचणी झाली, तेव्हा ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. उलट सुमारे ७ टक्के मुलांना भास झाले. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्यांची तर सवय लागते, आणि बंद करताना त्रास होतो.

गोळीने झोप लागली असं धरलं, तरी घड्याळ तसूभर हलत नाही. सकाळी सहाला शरीराच्या हिशेबाने मध्यरात्रच असते, वर गोळीची सुस्ती. बंद केली की पुन्हा अडीच. ऐन परीक्षेच्या आठवड्यात हे कुणाला हवंय?

मेलाटोनिन या कामासाठी वापरताना त्याला झोपेची गोळी समजायचंच नाही. ते शरीराला 'रात्र सुरू झाली' असा निरोप देतं. आपलं स्वतःचं मेलाटोनिन झोप लागण्याच्या साधारण दोन तास आधी वाढू लागतं, म्हणजे या मुलीत रात्री साडेबाराच्या सुमारास. त्याच्या तीन-चार तास आधी बाहेरून थोडंसं मेलाटोनिन मिळालं, तर घड्याळाला वाटतं रात्र आज लवकर आली, आणि ते हळूहळू अलीकडे सरकतं. तिच्यासाठी ही वेळ आली साडेआठ ते साडेनऊ. अकराची गमी तिथे फार उशिरा पडत होती.

मात्रा साधारण अर्धा मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅम दिलं तर जास्त गुण येईल हा समज इथे नडतो, कारण मोठी मात्रा रात्रभर रक्तात रेंगाळते आणि सकाळकडे पोहोचली तर घड्याळ उलट मागे ढकलू शकते. आपल्याकडे बहुधा ३, ५, १० मिलिग्रॅमच मिळतं; मग मी ३ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा चौथा भाग, म्हणजे पाऊण मिलिग्रॅम, द्यायला सांगतो. हळूहळू विरघळणारी गोळी मात्र तोडायची नाही. गमी मला आवडत नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ गमी तपासल्या, त्यांपैकी २२ जणींवरचा आकडा चुकीचा निघाला आणि एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. ऑस्ट्रेलियातल्या ११६ जणांच्या चाचणीत (२०१८, त्यात बहुतेक प्रौढ होते) अर्धा मिलिग्रॅम आणि झोपेचं ठरलेलं वेळापत्रक यांनी चार आठवड्यांत झोप खोट्या गोळीपेक्षा सुमारे ३४ मिनिटं अलीकडे आणली. वेळापत्रक दोन्ही गटांना होतं, त्यामुळे ते सोडून नुसतं औषध घेतलं तर एवढंही मिळेल याची खात्री नाही.

आणि सगळ्यात जास्त चुकतो तो सकाळचा उजेड. उजेड घड्याळ पुढे-मागे ढकलतो, पण कोणत्या बाजूला ते वेळेवर ठरतं. शरीराचं तापमान नैसर्गिकपणे जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वात खाली जातं. या मुलीचं सकाळी आठच्या आसपास. त्यानंतरचा उजेड झोप अलीकडे आणतो, त्याआधीचा ती आणखी उशिरा नेतो. म्हणजे 'सहाला उठवून गच्चीवर फिरायला न्या' हा शेजारच्या काकांचा सल्ला तिच्या बाबतीत उलटाच पडला असता. आम्ही सुरुवातीला तिला साडेनऊला उठवून अर्धा तास बाल्कनीत चहा घेऊन बसवलं. मग उठण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे घेतली आणि मेलाटोनिनची गोळीही त्याच बेताने. रात्री नऊनंतर खोलीत मंद दिवा. महिन्याअखेर वहीत झोप बाराच्या आसपास, गोळी सातला.

तेव्हा क्लास आडवा आला. साडेसहा ते साडेआठ, गोळी डब्यात राहायची. क्लासमध्ये घ्यायची, पण नंतर स्कूटी चालवायची नाही, या बोलीवर प्रश्न सुटला. बाबा आणायला जाऊ लागले. रविवारी बारापर्यंत लोळायचं नाही यावर मात्र दर आठवड्याचं भांडण. दोन रविवार लोळली की वहीतली झोप पुन्हा एकच्या पुढे दिसायची.

मेलाटोनिनने काहींचं डोकं दुखतं, दिवसा जडपणा येतो. अपस्मार असेल, रक्त पातळ करणारी औषधं किंवा फ्लुवोक्सामिन हे मनोविकारांवरचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये. पौगंडावस्थेत वर्षानुवर्षं घेतल्याच्या परिणामांची माहिती तुटपुंजी आहे, म्हणून मी दोन-तीन महिन्यांनी थांबवून बघतो.

सातचं कॉलेज मात्र तसंच राहतं. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सकाळी नऊच्या आधी शाळा भरवू नये असं सांगितलं, ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. अकरावीची ही मुलगी बाराला झोपून पावणेसहाला उठते आणि पहिल्या तासाला अजूनही पेंगते.