म्हणे ‘मुळासकट’! समुद्रावर जाण्याआधी २,६९७ घालवले

लाज वाटतेय, तरी लिहिते. मी काही कालची पोर नाही, वीस वर्षं हातापायांचे केस काढतेय. तरी फसले.

शुक्रवारी समुद्रावर निघायचं होतं. रेझरने दुसऱ्याच दिवशी पायांवर खुंटांची काळसर छटा दिसते, आणि वॅक्स केलं की माझ्या मांड्यांवर लाल पुळ्या उठतात. त्यामुळे ‘वेदनेशिवाय, मुळासकट, केमिकलमुक्त, तीन आठवडे गुळगुळीत’ अशी केस काढायच्या लेपाची जाहिरात दिसली तेव्हा माझा हात थेट पैशांकडे गेला. दोन डब्यांवर एक मोफत. दोन डबे प्रत्येकी १,२९९, घरपोच आणायचे ९९, एकूण २,६९७. व्हिडिओत बाईच्या पायावर लेप, ओल्या कापडाने एकदा पुसलं, पाय काचेसारखा. तुम्हीही भुलला असतात, उगाच शहाणपणा नको.

बुधवारी रात्री डबा उघडला. आणि इथेच, इथेच थांबायला हवं होतं! वास आला. वर गुलाबाचा, पण खाली कुजक्या अंड्यासारखा, केस कुरळे करायच्या औषधातही असतो तोच. हा वास थायोग्लायकोलेटचा, म्हणजे बाजारातल्या साध्या हेअर रिमूव्हल क्रीममधला. ते केसातल्या केराटिनचे बंध तोडतं, केस विरघळून गळतो आणि मूळ आत तसंच राहतं. मला हे माहीत होतं! तरी मनात म्हटलं, वनौषधींनाही उग्र वास असतोच की. डब्यावर घटकांची यादीच नव्हती. यादी नसलेलं काहीही अंगाला लावू नका.

सूचनेत लिहिलं होतं, २० मिनिटं ठेवा. साधी क्रीमही दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका म्हणून बजावतात, कारण त्वचेचा वरचा थरही केराटिनचाच असतो. बाराव्या मिनिटाला चरचरायला लागलं. ‘औषध मुळाशी पोचतंय’ असं मी स्वतःला समजावलं. मूर्खपणा, दुसरं काय!

पुसलेल्या कापडावर केस होते, मऊ, लगद्यासारखे, गुंडाळलेले. एकाच्याही टोकाला मुळाची पांढरट गाठ नव्हती. मुळासकट निघालेल्या केसाला ती बहुतेकदा दिसते. तुम्ही काहीही वापरा, निघालेला केस उजेडात धरून बघा. गाठ नसेल तर तो बहुधा तुटलाय किंवा विरघळलाय. मग त्वचेखाली उरलेला काळा तुकडा वरून दिसतो, तीच ती छटा, आणि दोन-चार दिवसांत खुंट वर येतात.

गुरुवारी पाय खरंच सुंदर दिसत होते. शनिवारी किनाऱ्यावर दंडांवर लालेलाल पट्टे, पोटऱ्यांवर करडी छटा. खारं पाणी लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वर मी त्यावरच रेझर फिरवला. भाजलेल्या कातडीवर रेझर चालवू नका, खुंट दिसले तर दिसू देत. मी उरलेली सुट्टी पूर्ण बाह्यांच्या शर्टात काढली.

परत येऊन तक्रार केली. विक्रेता म्हणाला, डबा उघडलाय, परत घेता येणार नाही. मग न उघडलेले दोन? ते ‘ऑफरमधले’ आहेत! बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. पोलिसांकडे गेले. तिथले साहेब विचारतात, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ मी हात दाखवला. म्हणाले, ‘त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.’ डॉक्टरांकडे गेलेच होते, त्यांनी वासावरूनच ओळखलं. त्यांची चिठ्ठीही पुढे ठेवली. तर साहेब म्हणाले, ‘यात डब्याचं नाव कुठंय?’ तीन चकरा, दोन अर्ज, आणि दुसरा अर्ज पहिल्याची प्रत जोडली नाही म्हणून परत! बाजूच्या टेबलावरची बाई मात्र हळूच विचारत होती, ‘पण केस जातात का हो?’

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आधीच करता आलं असतं. तीन-चार आठवडे रेझर बंद, केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढू द्यायचे, आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी वॅक्स. मूळच निघाल्यामुळे छटा राहत नाही आणि पुळ्या बसायला वेळ मिळतो. त्यानंतर दिवसभर तरी ऊन, समुद्र आणि घट्ट कपडे टाळायचे. आदल्या रात्री काही करायला गेलात तर माझ्यासारखंच होईल. क्रीमच लावायची असेल तर चोवीस तास आधी एका लहान जागेवर लावून बघा, आणि चरचरलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. लिंबू-बिंबू चोळू नका.

न उघडलेले दोन डबे कपाटात आहेत, पुरावा म्हणून. काल निरोप आला, ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’