ॲपवरून गाडी आधीच थंड करणं: परभणीत सात महिने वापरून

डिसेंबरात इलेक्ट्रिक गाडी घेतली, आता जून संपत आलाय. चाळीस युनिटची बॅटरी, म्हणजे एक टक्का साधारण ०.४ युनिट. ॲपवरून एसी लावला की बॅटरी किती खाते, हे मला सगळे विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मे महिन्यात एका लग्नाला नांदेडला गेलो होतो. मंगल कार्यालयाबाहेर सावली नव्हती. निघायच्या आधी २६ अंशांवर एसी सुरू केला. दहा मिनिटांत बॅटरी ६४ वरून ६३ वर आली. पण सासरेबुवा म्हणाले, "जावई, जेवल्याशिवाय जायचं नाही." माझ्या गाडीत दहा मिनिटांनी एसी आपोआप बंद होतो, मग मी तो आणखी दोनदा लावला. तिन्ही वेळचे मिळून तीन टक्के, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास गेले. माझी गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर देते, म्हणजे आठ किलोमीटर बसल्या जागी संपले. परतीच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरला ते जाणवलं नाही, पण बॅटरी तीस टक्क्यांवर असती तर जीव खालीवर झाला असता.

खरी गंमत अशी की आतली हवा थंड करायला फार वीज लागतच नाही. उष्णता साठते ती डॅशबोर्ड, सीट आणि काचांत, आणि वरून ऊन चालूच असतं. हवा गार झाली तरी या वस्तू पुन्हा तापवत राहतात. म्हणून मी आता पोहोचायच्या पाच-सात मिनिटं आधीच बटण दाबतो, आणि गाडीशी आल्यावर दोन्ही बाजूंची दारं अर्धा मिनिट उघडी ठेवतो. १८ अंशांवर लावून फार फरक पडला नाही, वीज मात्र जास्त गेली.

गाडी चार्जरला असताना हिशोब बदलतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरून येणारी वीज एसीला पुरते, त्यामुळे चार्जिंग तेवढा वेळ मंदावतं पण बॅटरी उतरत नाही. बाहेर उभ्या गाडीत हा फायदा नाही. तिथे एसी आधी लावला काय आणि निघाल्यावर लावला काय, वीज बॅटरीतूनच जाते. फक्त बसताना चटका लागत नाही. एकदा सकाळी लाईट गेलेली होती, मला पत्ता नव्हता, आणि सगळं बॅटरीतून गेलं. तेव्हापासून ॲपमध्ये चार्जिंगचं चिन्ह बघूनच सुरू करतो.

जानेवारीत परभणीची पहाट कडाक्याची असते, तेव्हा हीटर वापरला. पेट्रोल गाडीत इंजिनाची उष्णता फुकट मिळते, इथे हीटरची कॉइल विजेवर तापते. पाच मिनिटांतच एक टक्क्याच्या जवळपास जातं, म्हणजे एसीच्या दुप्पट वेगानं. पण तेवढ्यात काचांवरचं धुकं निघतं, म्हणून मुलीला क्लासला सोडताना मी तो लावतोच.

एक अडचण राहते. शेतावर रेंज नसली की ॲप 'पाठवलं' दाखवतं, पण गाडीला निरोप पोहोचतच नाही. ॲपमधलं आतलं तापमान उतरताना दिसलं तरच एसी चालू समजावा.