कॉल नंबर वाचून पुस्तक शोधणं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पूर्वी मी कॅटलॉगमधून पुस्तकाचं नाव कागदावर उतरवून घ्यायचो आणि काउंटरवर द्यायचो. गेले काही महिने फक्त कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर आणि कॅटलॉगमध्ये असणारा त्याचा क्रमांक, लिहून घेतो आणि थेट कपाटाकडे जातो. आता माझं स्पष्ट मत झालंय, की हा नंबर पुस्तकाच्या पत्त्यापेक्षा बरंच काही सांगतो. मात्र तो नीट वाचावा लागतो.

पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीचं उदाहरण घेतो, कारण माझं ग्रंथालय तीच वापरतं. मधमाशीपालनाचं एक पुस्तक हवं होतं. नंबर होता ६३८.१४२ आणि खाली लेखकाच्या आडनावाची तीन अक्षरं. सगळी मेख दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांत आहे. 'एकशे बेचाळीस' असं वाचलं की माणूस ६३८.१५ आणि ६३८.१६ ओलांडून पुढे शोधत बसतो आणि पुस्तक नाहीच असं समजून परत येतो. 'एक, चार, दोन' असं एकेक आकडा वाचायचं. म्हणजे ६३८.१४२ हे ६३८.१४ च्या नंतर आणि ६३८.१५ च्या आधी, हे लगेच कळतं. लहान नंबर आधी, त्यालाच पुढे आकडे जोडून झालेला मोठा नंबर नंतर. वर्गांक, म्हणजे हा विषयाचा आकडा, तंतोतंत सारखा असेल तेव्हाच आडनावाची अक्षरं बघायची. सुरुवातीलाच अक्षरांकडे गेलं तर गोंधळ उडतो.

फळ्यांचा क्रमही लक्षात ठेवायला हवा. एका कपाटाची वरची फळी डावीकडून उजवीकडे, मग त्याच कपाटातली खालची, अशी तळापर्यंत यायचं आणि मगच शेजारच्या कपाटाकडे वळायचं. वरच्याच फळीच्या रेषेत पुढच्या कपाटात गेलात तर मधले कितीतरी वर्गांक सुटतात.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. नंबरचा शेवटचा आकडा झाकला की विषय एक पायरी व्यापक होतो. ६३८.१४ म्हणजे पोळ्यांची निगा आणि हाताळणी. चार झाकला की ६३८.१, म्हणजे एकूण मधमाशीपालन. एक झाकला की ६३८, म्हणजे कीटकपालन, आणि म्हणूनच थोडं पुढे ६३८.२ वर रेशीमकीटक भेटतात. त्यामुळे पुस्तक हातात आलं की मी लगेच निघत नाही. डावीकडे सरकत ६३८.१ पर्यंत जातो, तिथे विषयाची ओळख करून देणारी पुस्तकं असतात. उजवीकडे ६३८.१५ वर माश्यांचे रोग आणि शत्रू, ६३८.१६ वर मधावरची प्रक्रिया. पोळ्याच्या निगेचं पुस्तक शोधायला गेलो आणि रोगांवरचं पुस्तक शेजारीच सापडलं. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणजे कॅटलॉगमध्ये नावाने ते कधीच शोधलं नसतं. दशांशानंतर मध्येच शून्य आला तर बहुतेक वेळा तो पोटविषय नसतो, पुस्तकाचा प्रकार असतो: ६३८.१०३ म्हणजे मधमाशीपालनाचा कोश, ६३८.१०९ म्हणजे त्याचा इतिहास. ही पुस्तकं ६३८.१३ च्या आधी लागतात.

तक्रारही आहे, आणि ती मोठी आहे. ड्यूईची विभागणी आधी ज्ञानशाखेनुसार होते, मग विषयानुसार. मधमाशी हा कीटक म्हणून अभ्यासायचा असेल तर पुस्तकं ५९५.७९९ ला, प्राणिशास्त्रात. पालन ६३८.१ ला, शेती आणि पशुपालनाच्या बाजूला. दोन्हींमध्ये अक्षरशः कपाटांच्या रांगा असतात. फक्त शेजारी बघणाऱ्याला माश्यांच्या नाचावरचं पुस्तक कधी दिसणारच नाही. यावर माझा उपाय असा: कॅटलॉगमध्ये पुस्तकाच्या नोंदीत दिलेल्या विषयशीर्षकावर क्लिक करायचं आणि निकालांत वेगवेगळे वर्गांक दिसतात का ते पाहायचं. दिसले तर दोन्ही कपाटं गाठायची.

जागेवर पुस्तक नसेल तर आधी कॅटलॉगमधली स्थिती बघा. 'उपलब्ध' असेल तर दोन्ही बाजूंच्या पाच-सात पुस्तकांच्या कण्यांवरची लेबलं सलग वाचा. एखादा नंबर क्रमात बसत नसेल तर तिथे कुणीतरी पुस्तकं चुकीची ठेवलीत, आणि आपलंही जवळच असण्याची शक्यता बरीच. नंबरच्या आधी संदर्भ विभागाची किंवा मोठ्या आकाराची खूण असेल तर या कपाटात शोधण्यात अर्थ नाही, ती पुस्तकं स्वतंत्र लावलेली असतात.

लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत असलेल्या ग्रंथालयात गेलात तर एक फरक ध्यानात ठेवा. तिथे सुरुवातीच्या अक्षरांनंतरचा आकडा पूर्ण संख्या म्हणून वाचतात, त्यामुळे SF95 हे SF523 च्या आधी येतं. त्यानंतर टिंब आणि अक्षर येतं, आणि त्या अक्षरापुढचे आकडे मात्र पुन्हा दशांशासारखे: .S36 आधी, .S4 नंतर.

शेल्फवर फक्त घरी न गेलेली पुस्तकं दिसतात, हे विसरू नका. लोकप्रिय विषयात चांगली पुस्तकं बहुधा बाहेरच असतात. कोहासारख्या काही कॅटलॉगमध्ये पुस्तकाच्या नोंदीपाशी Browse shelf असा दुवा असतो. त्यात नंबरच्या क्रमाने शेजारची पुस्तकं दिसतात, वाचकांनी नेलेलीसुद्धा. मी आता कपाट बघून झालं की तोही उघडतो आणि बाहेर असलेल्यांपैकी हवं ते आरक्षित करून ठेवतो.