निनावी हेल्पलाइन की एचआरशी नावानिशी बोलणं?

आमच्या टीममधल्या एका सहकारी ताईंना सहा आठवड्यांत चार वेळा सोमवारच्या मीटिंगचं निमंत्रणच गेलं नाही. काम त्यांचं, निर्णय मात्र त्यांच्यामागे. मला हे दिसत होतं, पण चौकशीत साक्षीदार व्हायचं नव्हतं. आधी त्यांनाच विचारलं. त्यांची हरकत नव्हती. मग दोन वाटा उरल्या.

पहिली निनावी हेल्पलाइन. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 177 नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रार-यंत्रणा ठेवावीच लागते. निनावी हेल्पलाइनवर नाव द्यावं लागत नाही, हा मोठा आधार. पण टीम पाच जणांची असेल तर मजकुरावरूनच लिहिणारा ओळखू येतो. शिवाय तक्रार क्रमांक जपून त्यावरून तक्रार पुन्हा उघडून पाहिली नाही, तर चौकशी करणाऱ्यांचे प्रश्न अनुत्तरित राहतात आणि फाइल बंद होते.

दुसरी वाट एचआरशी खाजगीत बोलण्याची. काही सांगण्याआधीच विचारायचं, "माझं नाव न घेता हे तपासता येईल का?" पूर्ण गुप्ततेची हमी एचआर देऊ शकत नाही, हेही तेव्हाच कळतं. मी हीच निवडली, कारण इथे पुरावा माझ्या शब्दांत नव्हता, कॅलेंडरमध्ये होता. चार तारखा दिल्या, "निमंत्रितांची यादी बघा" म्हटलं. "मुद्दाम वगळतात" असं म्हणाले नाही. हेतू मला दिसला नव्हता.

वगळणं फक्त जेवणाच्या टेबलावर, बोलण्यात होत असेल, तर नोंद कुठेच नसते. तिथे साक्षीदाराशिवाय दोन्ही वाटा अडखळतात.