दर्शक शब्दावरून गौणवाक्य ओळखण्याची पद्धत: सात महिन्यांच्या सरावानंतर

स्पर्धा परीक्षांच्या मराठी व्याकरणात मिश्रवाक्य देऊन एका भागाखाली रेघ मारलेली असते आणि तो भाग नामवाक्य, विशेषणवाक्य की क्रियाविशेषणवाक्य, असे विचारलेले असते. बहुतेक जण यासाठी जोडशब्दांची यादी पाठ करतात: ‘की’ दिसला की नामवाक्य, ‘जो-जी-जे’ दिसले की विशेषणवाक्य, ‘जेव्हा-जिथे-जसे’ दिसले की क्रियाविशेषणवाक्य. सोप्या प्रश्नांना ही यादी पुरते. पण प्रश्न काढणाऱ्यालाही ती पाठ असते आणि तो मुद्दाम तिच्या उलटी वाक्ये घालतो. म्हणून गेले सात महिने यादी बाजूला ठेवून दुसरी पद्धत वापरली. गौणवाक्याचा जोडशब्द पाहायचाच नाही. त्याच्याकडे बोट दाखवणारा मुख्य वाक्यातला शब्द शोधायचा आणि तो शब्द तिथे काय काम करतो ते पाहायचे. या शब्दाला इथे दर्शक शब्द म्हणू. तो, ती, ते, तिथे, तेव्हा, तसे, हे, असे, इतका हे त्यातले नेहमीचे.

त्याआधीची एक पायरी मात्र चुकवता येत नाही. वाक्यात समापिका क्रियापदे, म्हणजे वाक्याचा अर्थ पूर्ण करणारी क्रियापदे, किती आहेत ते मोजायचे. जितकी समापिका क्रियापदे तितकी वाक्ये. ‘पाऊस थांबल्यावर मुले बाहेर पडली’ यात क्रियापद एकच, ‘पडली’. ‘थांबल्यावर’ हे धातुसाधित आहे, त्यामुळे हे केवलवाक्यच. इंग्रजी व्याकरण आधी शिकलेल्यांचा पाय इथे हमखास घसरतो, कारण तोच अर्थ इंग्रजीत बहुधा वेगळ्या वाक्याने सांगतात. ‘धावणारा मुलगा’, ‘आलेला पाहुणा’, ‘जाताना’ हीसुद्धा गौणवाक्ये नव्हेत. उलट ‘नाही’, ‘नको’, ‘पाहिजे’ ही छोटी दिसली तरी क्रियापदे म्हणून मोजायची आणि ‘निघणार आहे’ हे दोन शब्दांचे असले तरी एकच.

आता पद्धतीचा गाभा. ही तीन वाक्ये पाहा.

जिथे रस्ता संपतो तिथे विहीर आहे.
जिथे रस्ता संपतो ती जागा ओलसर आहे.
रस्ता कुठे संपतो ते कोणालाच ठाऊक नाही.

यादीवाला पहिल्या दोन्ही वाक्यांना क्रियाविशेषणवाक्य म्हणेल, कारण दोन्हीकडे ‘जिथे’ आहे. रेघ मारलेला भाग तर अक्षरशः तोच आहे. पण पहिल्यात मुख्य वाक्य आहे ‘तिथे विहीर आहे’ आणि ‘तिथे’ हा शब्द ‘आहे’ या क्रियापदाचे स्थळ सांगतो. दुसऱ्यात मुख्य वाक्य आहे ‘ती जागा ओलसर आहे’. इथे ‘ती’ हा शब्द ‘जागा’ या नामाला चिकटलेला आहे. कोणती जागा, एवढेच तो सांगतो. म्हणून पहिले क्रियाविशेषणवाक्य आणि दुसरे विशेषणवाक्य. तिसऱ्यात ‘ठाऊक नाही’ म्हटल्यावर काय ठाऊक नाही, याचे उत्तर ‘ते’ देते. ‘ते’च्या जागी ‘ही गोष्ट’ घातले तरी वाक्य उभे राहते. म्हणून नामवाक्य.

तिसऱ्या वाक्यातून आणखी एक खूण मिळते. त्यात ज-शब्द नसून क-शब्द आहे. कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, का यांपैकी शब्द गौणवाक्यात असेल आणि मुख्य वाक्यात माहीत असणे, विचारणे, सांगणे, कळणे अशा अर्थाचे क्रियापद असेल, तर ते जवळजवळ नेहमी नामवाक्यच निघते. इतकी भरवशाची खूण या प्रश्नप्रकारात दुसरी नाही. अशा वाक्यात ‘कुठे’ किंवा ‘केव्हा’ बघून क्रियाविशेषणवाक्याचा पर्याय निवडणे ही सरावात सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

वेळेच्या बाबतीतही असेच घडते, पण तिथे एक गाठ आहे. ‘ज्या वेळी गाडी सुटते ती वेळ लिहून ठेव’ यात ‘ती’ हा शब्द ‘वेळ’ या कर्माचे विशेषण आहे, तेव्हा विशेषणवाक्य. पण ‘ज्या वेळी पाऊस थांबला त्या वेळी मुले बाहेर पडली’ यात ‘त्या’ हा शब्द दिसायला ‘वेळी’चे विशेषण असला, तरी ‘त्या वेळी’ हे सगळे मिळून ‘तेव्हा’चे काम करते. ‘तेव्हा’ घालून पाहायचे. अर्थ न बदलता बसला की क्रियाविशेषणवाक्य. ‘तेव्हा लिहून ठेव’ म्हटले तर पहिल्या वाक्याचा अर्थच बदलतो.

‘जसा-तसा’च्या जोडीत लिंग-वचन पाहून निर्णय घेऊ नये. ‘जशी पिशवी हवी होती तशी पिशवी मिळाली’ हे विशेषणवाक्य, यात वाद नाही. पण ‘तो जसा धावतो तशी ती धावत नाही’ यातही ‘तशी’ हे रूप स्त्रीलिंगी आहे. मराठीत अशी क्रियाविशेषणे कर्त्यानुसार बदलतात, त्यामुळे रूप बदलले म्हणजे विशेषण झाले असे होत नाही. इथे ‘त्या रीतीने’ घालून पाहायचे. ‘त्या रीतीने ती धावत नाही’ हे चालते. ‘त्या रीतीने पिशवी मिळाली’ म्हटले तर पिशवी कशी होती ते न सांगता ती कशी मिळाली एवढेच कळते.

‘की’बाबत यादी सगळ्यात जास्त फसवते. ‘त्याने असे सांगितले की दार उघडे आहे’ आणि ‘त्याने दार असे लावले की ते उघडेना’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. दोन्हींत ‘असे’ आहे, दोन्हींत ‘की’ आहे. पहिल्या ‘असे’ने काय सांगितले याचे उत्तर दिले आहे, म्हणून नामवाक्य. दुसऱ्या ‘असे’ने कसे लावले याचे उत्तर दिले आहे, म्हणून क्रियाविशेषणवाक्य. ‘तो इतका दमला की त्याला उभे राहवेना’ हेही क्रियाविशेषणवाक्य, कारण ‘इतका’ दमण्याचे प्रमाण सांगतो. ‘घंटा वाजली की मुले पळतात’ यात मात्र गौणवाक्य ‘की’च्या आधी आहे. ‘मुले पळतात’ हे मुख्य आणि कधी पळतात ते सांगणारा आधीचा भाग गौण. ‘की’च्या पुढचेच गौण असते ही समजूत इथे मोडते आणि मग मुख्य वाक्यालाच गौण ठरवून उत्तर दिले जाते. ‘तू येतोस की थांबतोस?’ हे तर मिश्रवाक्यच नाही. विकल्पाचा ‘की’ संयुक्तवाक्य करतो.

आता जिथे पद्धत अडखळते ते. ‘तू सांगतोस हे खरे आहे’ आणि ‘तू सांगतोस ते खरे आहे’ यांत फरक एका अक्षराचा. ‘हे’ने तुझे सांगणे ही घटनाच दाखवली आहे, म्हणून नामवाक्य. ‘ते’च्या आधी ‘जे’ लपलेले आहे: तू जे सांगतोस ते. रचनेप्रमाणे हे ‘ते’ या सर्वनामाचे विशेषणवाक्य होते. पण इंग्रजीच्या सवयीने याला नामवाक्य म्हणणारेही भेटतात, कारण तिकडे असा भाग सरळ कर्त्याच्या जागी बसतो. ‘जे’ स्पष्ट दिलेले असेल तर विशेषणवाक्य धरावे. ‘जे’ गाळलेले असेल आणि दोन्ही पर्याय समोर असतील, तर ही पद्धत खात्रीचे उत्तर देत नाही.

दर्शक शब्द गाळलेला असेल तर आधी तो भरावा लागतो. ‘मला वाटते तो येईल’ यात बोट दाखवणारा शब्दच नाही. ‘तो येईल असे मला वाटते’ असे फिरवले की ‘असे’ सापडते आणि नामवाक्य उघड होते. ‘जर-तर’, ‘जरी-तरी’ यांना ही युक्ती लागत नाही. ती थेट क्रियाविशेषणवाक्ये म्हणून लक्षात ठेवलेली बरी.

‘म्हणून’ मात्र या पद्धतीच्या कक्षेबाहेरच आहे, त्याला जुने वर्गीकरणच हवे. ‘झोप लागावी म्हणून त्याने दिवा मालवला’ यात उद्देश आहे, मिश्रवाक्य आहे आणि ‘म्हणून’आधीचा भाग क्रियाविशेषणवाक्य. ‘पाऊस आला म्हणून खेळ थांबला’ यात परिणाम आहे आणि शालेय व्याकरणाच्या परंपरेत हे संयुक्तवाक्य. तीच गोष्ट ‘खेळ थांबला कारण पाऊस आला’ अशी सांगितली की मिश्रवाक्य होते, कारण ‘कारण’ हे गौणत्वसूचक अव्यय मानतात. अर्थ तोच, प्रकार वेगळा. उद्देशाची खूण ‘लागावी’, ‘मिळावे’ अशा विध्यर्थी रूपात असते. साधा भूतकाळ दिसला तर परिणामाकडे वळावे.

शेवटी एक लांब वाक्य सोडवून दाखवतो: ‘ज्या मुलीने सांगितले की पूल कुठे आहे हे तिला माहीत आहे, ती मुलगी पाऊस थांबला की निघणार आहे.’ समापिका क्रियापदे पाच: सांगितले, (कुठे) आहे, (माहीत) आहे, थांबला, निघणार आहे. म्हणजे वाक्ये पाच. मुख्य वाक्य ‘ती मुलगी निघणार आहे’. ‘ज्या मुलीने सांगितले’ हे ‘ती मुलगी’चे विशेषणवाक्य. ‘पाऊस थांबला की’ हे निघण्याची वेळ सांगणारे क्रियाविशेषणवाक्य. ‘हे तिला माहीत आहे’ हे ‘सांगितले’चे कर्म, म्हणून नामवाक्य. ‘पूल कुठे आहे’ हेही नामवाक्य, पण त्याचा दर्शक शब्द ‘हे’ त्याच्या शेजारच्या वाक्यात आहे, मुख्य वाक्यात नाही. अशा वाक्यात दर्शक शब्द नेहमी एक पायरी वरच्या वाक्यात शोधायचा. थेट ‘ती मुलगी’पर्यंत उडी मारली, तर ‘पूल कुठे आहे’ हा भाग विशेषणवाक्याच्या पोटात असल्यामुळे विशेषणवाक्यच वाटू लागतो, आणि तो पर्याय प्रश्नात दिलेला असतोच.