कन्नड पानावरची आकृती मराठीतून समजावताना: फोनचं भाषांतर, घरातली आजी की आपलं दहावीचं पुस्तक?

सोलापुरात विजापूर रोडवर मी दहावीच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरात कन्नड किंवा तेलुगू बोललं जातं, पण शाळा मराठी माध्यमाची. त्यामुळे कानाला कन्नड कळतं, लिपी मात्र वाचता येत नाही. मागच्या महिन्यात असाच एक मुलगा फोन घेऊन आला. कर्नाटकातल्या इंडीच्या त्याच्या आत्येबहिणीने नववीच्या कन्नड पुस्तकातल्या एका पानाचा फोटो पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘अण्णा, हे समजावून सांग.’ पानावर वर्तुळाच्या तीन आकृत्या, A, P, Q, O ही अक्षरं, कोनांच्या खुणा, प्रमेयाच्या तीन ओळी आणि खाली एक उदाहरण.

अशा वेळी पालकांसमोर, दादा-ताईंसमोर तीन वाटा असतात. फोनच्या कॅमेऱ्याने पानाचं भाषांतर करायचं, लिपी येणाऱ्याकडून वाचून घ्यायचं, किंवा आपल्या पुस्तकात तेच प्रमेय शोधून तिथून समजवायचं. त्या एकाच पानावर आम्ही तिन्ही करून पाहिल्या.

फोनचं भाषांतर

सगळ्यात झटपट हेच. अडचण अशी की ॲप मूळ मजकुराच्या जागी भाषांतराच्या पट्ट्या डकवतं आणि त्या आकृतीवरही येतात. आमच्या तिसऱ्या आकृतीत O जवळची छोटी कंसखूण अशाच एका पट्टीखाली गेली होती, आणि सगळा घोळ त्या खुणेपाशीच होता. शिवाय 110° मधलं अंशाचं चिन्ह शून्य समजलं गेलं आणि 1100 असं उमटलं. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. केंद्राचं O शून्य म्हणून वाचलं गेलं तर ती पटकन दिसतही नाही.

शब्दांचीही गंमत आहे. कन्नड गणितात त्रिकोणाला त्रिभुज, वर्तुळाला वृत्त आणि काटकोनाला लंबकोन म्हणतात. प्रमेय, कोन, केंद्र, कंस हे शब्द तर दोन्हीकडे तेच. सिद्धतेला मात्र ‘साधने’ म्हणतात. मराठी माणूस हा शब्द वाचून कंपास आणि कोनमापक शोधायला लागेल. ॲप कधी शाळेतला नेमका शब्द देतं, कधी बोलीतला देतं, आणि त्यातला फरक ज्याला प्रमेय आधीच ठाऊक आहे त्यालाच कळतो. ज्याला समजून घ्यायचंय त्याला तो कळण्याचा मार्ग नाही.

फोन वापरायचाच असेल तर आकृती कापून फक्त मजकुराच्या ओळींचा वेगळा फोटो काढा. तेवढ्याने निम्मा गोंधळ जातो.

आजीकडून वाचून घेणं

मुलाची आजी अक्कलकोटकडची, कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मी त्याला म्हटलं, ‘आजींना फक्त मोठ्याने वाचायला सांग, अर्थ तू सांग.’ आजी चष्मा लावून एकेक ओळ सावकाश वाचत होत्या आणि नातू मराठीत बोलत होता. गणित आजींना येत नाही, पण त्यांच्या वाचण्यातून तीन शब्द हाती लागले. माझ्या मते ते अख्ख्या भाषांतरापेक्षा मोलाचे होते.

पहिला शब्द ‘एरडरष्टु’, म्हणजे दुप्पट. दुसरा ‘उळिद भाग’, उरलेला भाग. तिसरा ‘यावुदे बिंदु’, कोणताही बिंदू. तिन्ही जोडले की प्रमेय उभं राहतं: कंसाने केंद्राशी केलेला कोन हा त्याच कंसाने वर्तुळाच्या उरलेल्या भागावरच्या कोणत्याही बिंदूशी केलेल्या कोनाच्या दुप्पट असतो.

यातलं ‘कोणताही’ आकृतीत दिसू शकत नाही. आकृतीत कंसाची टोकं P आणि Q असतात, आणि वर्तुळावरचा बिंदू A एकाच जागी काढलेला असतो. म्हणून नुसती आकृती पाहून शिकवणारा मुलांच्या डोक्यात ‘A वर मधोमध असतो’ अशी समजूत पक्की करतो. ‘उरलेला भाग’ हेही मजकुरातच असतं, आणि तिसऱ्या आकृतीची चावी तेच आहे.

वाचणाऱ्याकडून आणखी दोन ओळी आवर्जून विचारा: ‘दत्त’ आणि ‘साधनीय’. आपल्याकडे त्यांना पक्ष आणि साध्य म्हणतात. प्रमेय आणि त्याचा व्यत्यास यांची आकृती बहुतेक वेळा एकच असते. काय दिलंय आणि काय सिद्ध करायचंय हे या दोन ओळींशिवाय कळत नाही.

आपलं दहावीचं पुस्तक

मुलाचा पहिला प्रश्न होता, ‘मॅडम, हे आपल्याकडचंच आहे ना?’ आहे, पण वेगळ्या वेशात. बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग 2 मध्ये, वर्तुळाच्या प्रकरणात, अंतर्लिखित कोनाचं प्रमेय आहे: अंतर्लिखित कोनाचं माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मं असतं. तिकडे दुप्पट, इकडे निम्मं. तिकडे केंद्रीय कोन, इकडे कंसाचं माप. कंसाचं माप केंद्रीय कोनावरूनच ठरतं, त्यामुळे गणित एकच आहे. पण नववीच्या मुलीला आपल्या पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं पाठवलं तर तिला ते दुसरंच प्रमेय वाटेल. तिच्या पानावर अंतर्लिखित, अंतर्खंडित हे शब्दच नाहीत.

सिद्धता मात्र दोन्हीकडे एकाच युक्तीवर चालते. A पासून O मधून रेषा काढून पलीकडे वाढवायची. तिच्या आकृतीत ती B पर्यंत जाते. OA आणि OP दोन्ही त्रिज्या, म्हणून त्रिकोण OAP समद्विभुज, म्हणून ∠OAP = ∠OPA. ∠BOP हा त्या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणून तो दोन्ही दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका:

∠BOP = 2∠OAP
∠BOQ = 2∠OAQ
बेरीज: ∠BOP + ∠BOQ = 2∠PAQ

आपली मुलं हे वाचून लगेच ‘म्हणजे ∠POQ = 2∠PAQ’ असं लिहितात. पहिल्या आकृतीत ते बरोबर आहे. तिथे A मोठ्या कंसावर आहे आणि B दुसऱ्या बाजूला, P आणि Q च्या मधल्या लघुकंसावर. दुसऱ्या आकृतीत PQ व्यास आहे, बेरीज 180° येते आणि A पाशी काटकोन मिळतो. तिसरीत गाडी अडते.

तिसरी आकृती आणि 110° चं उदाहरण

उदाहरण होतं: ∠PAQ = 110°, तर ∠OPQ काढा. मुलाने माझ्यासमोर लिहिलं, ∠POQ = 220°. मग त्रिकोण OPQ मध्ये उरलेल्या दोन कोनांची बेरीज 180 − 220, म्हणजे उणे 40. तो थांबला. उत्तर उणे आलं की केंद्राशी भलताच कोन धरला गेलाय हे ओळखावं.

तिसऱ्या आकृतीत A लघुकंसावर आहे. म्हणून ‘उरलेला भाग’ हा लघुकंस आणि केंद्राशी कोन करणारा कंस म्हणजे विशालकंस. त्याचा कोन O च्या मागच्या बाजूने मोजायचा. त्याला आपण प्रविशाल कोन म्हणतो. कन्नडमध्ये ‘सरळाधिक कोन’ म्हणतात, सरळ कोनाहून अधिक. हा शब्द मला फार आवडला, ऐकताक्षणी समजतो. पुस्तकात O भोवती जी छोटी कंसखूण असते ती याच बाजूला काढलेली असते, आणि फोनची पट्टी नेमकी तिच्यावर बसली होती.

तर प्रविशाल कोन 220°, आतला ∠POQ = 360 − 220 = 140°, आणि OP = OQ असल्याने ∠OPQ = (180 − 140) ÷ 2 = 20°.

इथे आपल्या पुस्तकाची वाट अधिक सरळ वाटते. 110° चा अंतर्लिखित कोन 220° चा कंस अंतर्खंडित करतो. लघुकंस 140°. केंद्रीय कोन 140°. प्रविशाल कोनाचा उल्लेखही लागत नाही. स्वतःला समजून घ्यायला मी हीच वाट घेईन. पण समोरच्या मुलीला परीक्षेत तिच्या पुस्तकाच्या भाषेत लिहायचं असतं, म्हणून तिला सांगताना सरळाधिक कोनाचीच वाट धरायची.

फोटोवर कोनमापक ठेवू नका

बरेच पालक फोटो मोठा करून त्यावर कोनमापक लावतात. फोटो जरा जरी तिरका घेतला असला तरी त्यातले कोन बदलतात. वर्तुळ अंड्यासारखं लांबट दिसतंय का, OP आणि OQ असमान दिसतायत का, ते पाहा. तसं असेल तर मोजण्यात अर्थ नाही. शिवणीजवळ पान वाकतं, तिथे सरळ रेषाही वळते.

त्यापेक्षा आकृती नव्याने काढा. 5 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, केंद्राशी 140° चा ∠POQ. लघुकंसावर कुठेही A घ्या आणि ∠PAQ मोजा. 110° येईल, फार तर एखाद्या अंशाचा हाताचा फरक. A सरकवून पुन्हा मोजा, तेवढाच येईल. आता A पलीकडे विशालकंसावर न्या, 70° येईल. आमच्या मुलाने चार जागी A घेतला, आणि ‘यावुदे’ हा शब्द तेव्हा त्याच्या बोटाखाली आला.

मग निवडायचं काय

घरात लिपी वाचणारं कुणीही असेल, गणित न येणारं का असेना, तर आधी त्यांच्याकडून प्रमेयाच्या ओळी, दत्त आणि साधनीय ऐका. वाचणारं कुणीच नसेल तर फोन, पण फक्त मजकुरावर, आणि आकृती मूळ फोटोतूनच पाहा. आपलं पुस्तक दोन्ही वेळा उघडा, पण स्वतःची समज तपासायला, पाठवायला नव्हे. तुम्ही सांगताय ते मूल नववीचं आणि मराठी माध्यमाचं असेल तर एक लक्षात ठेवा: आपल्याकडे हे प्रमेय दहावीत येतं, त्यामुळे कंसाचं माप म्हणजे काय याच्या उजळणीपासून सुरुवात करावी लागेल. बाह्यकोनाचं प्रमेय मात्र त्याला ठाऊक असतं, आणि सिद्धतेला तेवढं पुरतं.

इंडीला शेवटी काय गेलं? वहीवर काढलेल्या तिसऱ्या आकृतीचा सरळ वरून घेतलेला फोटो, O च्या मागच्या बाजूने लाल पेनाने काढलेली 220° ची खूण, आणि नातवाने कन्नडमध्ये बोलून पाठवलेला दीड मिनिटाचा आवाज. मागे आजी ‘उळिद, उळिद’ म्हणून त्याचा उच्चार सुधारत होत्या.