रोअरिंग बिटमॅप, आठ महिन्यांनंतर: फिल्टर जुळवायला उत्तम, पण सगळीकडे नको

आमच्या शोध-इंडेक्समध्ये 1 कोटी डॉक्युमेंट आहेत. फिल्टरसाठी पोस्टिंग लिस्टऐवजी रोअरिंग बिटमॅप लावून आठ महिने झाले. मी समाधानी आहे, पण जुन्या लिस्ट काढून टाकलेल्या नाहीत.

रोअरिंग डॉक्युमेंट क्रमांकांचे 65536चे तुकडे पाडतं. तुकड्यात 4096 पर्यंत क्रमांक असतील तर ते 16 बिटांच्या क्रमवार यादीत राहतात. त्याहून जास्त झाले की 8 केबीचा सरळ बिटमॅप. 4096 क्रमांकांच्या यादीलाही नेमकी 8 केबीच जागा लागते, म्हणून सीमा तिथे आहे. मला ही सीमा टक्क्यांत लक्षात ठेवणं सोपं जातं: साधारण 6 टक्के.

आमचे दोन फिल्टर घ्या. 'उपलब्ध' 60 लाख डॉक्युमेंटना लागू, 'चार तारे किंवा जास्त' 30 लाखांना. पोस्टिंग लिस्टमध्ये उड्या मारायची सोय असूनही फायदा होत नव्हता, कारण लिस्ट इतक्या दाट की जवळपास प्रत्येक ब्लॉक उलगडावाच लागे. बिटमॅपमध्ये 153 तुकडे, प्रत्येकात 64 बिटांचे 1024 शब्द, म्हणजे सुमारे 1 लाख 57 हजार AND. शिवाय जुळलेल्यांची संख्या त्याच फेरीत मिळते, त्यामुळे बाजूच्या पट्टीतले आकडे जवळजवळ फुकटात येतात. सगळ्यात जास्त फरक मला इथेच जाणवला.

आता उलट बाजू. एका विक्रेत्याची 200 डॉक्युमेंट इंडेक्सभर विखुरलेली असतील, तर त्याच्या बिटमॅपला शंभराहून जास्त तुकडे लागतात आणि बहुतेकांत एक-दोनच क्रमांक असतात. असे विक्रेते हजारोंनी असले की मेमरी या तुकड्यांच्या नोंदींतच जाते. तिथे पोस्टिंग लिस्टच बरी: तिचे 200 क्रमांक घ्यायचे आणि दाट बिटमॅपमध्ये एकेक बिट तपासायचा. मजकुराच्या शोधालाही लिस्टच हवी, कारण शब्द किती वेळा आणि कुठे आला हे बिटमॅपमध्ये नसतं.

दोन गोष्टींनी आम्हाला त्रास दिला. पहिली म्हणजे क्रम. वापरकर्त्याने निवडले त्या क्रमाने आम्ही AND करत होतो, त्यामुळे दोन मोठे बिटमॅप आधी जुळून अवाढव्य मधला निकाल तयार होई. एकाच प्रश्नाचा वेळ फिल्टरांचा क्रम बदलल्यावर बदलतो, हे पाहून दोष सापडला. आता सगळ्यात लहान संच आधी. चाळीस ब्रँडचा OR मात्र जोडीजोडीने न करता `FastAggregation.or` ला एकदम देतो.

दुसरी 'नको' या फिल्टरची. नुसतं उलटवलं की काढून टाकलेली डॉक्युमेंटही परत निकालात येतात. त्यामुळे आम्ही चालू डॉक्युमेंटच्या बिटमॅपमधून `andNot` करतो.

इंडेक्स वर्गवारीनुसार लावून `runOptimize()` केल्यावर वर्गाचे बिटमॅप फारच आक्रसले, कारण सलग पट्ट्यासाठी सुरुवात आणि लांबी एवढंच साठवावं लागतं. ते आपोआप होत नाही, स्वतः बोलवावं लागतं. मला हे पाचव्या महिन्यात कळलं.